गोल हवा असेल, तर लंबगोल आखा

मंडळाच्या, शाळेच्या किंवा कंपनीच्या टी-शर्टवर छातीशी भरलेलं गोल बोधचिन्ह असेल, तर ते एकदा उजेडात धरून नीट पाहा. आतला रंगीत गोल आणि त्याभोवतीची किनार यांच्यामधून डाव्या-उजव्या अंगाला टी-शर्टचं कापड डोकावतं का? आणि वर-खाली मात्र आतला रंग किनारीच्या बाहेर आलेला दिसतो का? तसं असेल तर मशीन बिघडलेलं होतं असं नाही, आणि कारागिरानेही हयगय केली असं नाही. बहुतेक वेळा मशीनला दिलेल्या फाईलमधला गोल कंपासने काढल्यासारखा अचूक असतो, आणि दोष नेमका तोच असतो.

चित्राची अशी फाईल तयार करण्याच्या कामाला डिजिटायझिंग म्हणतात. आपल्याकडच्या एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यांमध्ये त्याला सरळ ‘पंचिंग’ म्हणतात, कारण पूर्वी मशीनला द्यायचे आदेश कागदी पट्टीवर भोकं पाडून दिले जायचे. आता पट्टी गेली, भोकं गेली, काम तेच राहिलं. मशीनला चित्राशी काही देणंघेणं नसतं. `.DST` ही या धंद्यात सगळीकडे चालणारी फाईल उघडून पाहिली तर तिच्यात फक्त हालचाली असतात: इतकं डावीकडे, इतकं पुढे, टाका घाल, इथे टाका न घालता उडी मार, इथे थांब, दोरा बदल. मोजमाप मिलीमीटरच्या दहाव्या हिश्शात असतं. कोणता रंग लावायचा हेसुद्धा त्या फाईलमध्ये नसतं, तो मशीन चालवणाऱ्याने कागदावर पाहून लावायचा. सुई जागच्या जागी वर-खाली होते आणि कापड धरलेली फ्रेम तिच्याखाली सरकत राहते.

या हालचालींमधून मोजून तीन प्रकारचे टाके निघतात. एक रनिंग, म्हणजे साधा धावदोरा. दुसरा सॅटिन, म्हणजे एका काठावरून दुसऱ्या काठावर आणि परत, अशी चकचकीत पट्टी. अक्षरं आणि किनारी यातच होतात. सॅटिनची पट्टी सात-आठ मिलीमीटरपेक्षा रुंद झाली की लांब दोरे सैल पडतात आणि बटणात, नखात अडकतात. म्हणून मोठी जागा तिसऱ्या प्रकाराने भरतात. त्याला फिल किंवा तातामी म्हणतात: शेजारी शेजारी ओळी, आणि प्रत्येक ओळीत साधारण चार मिलीमीटरचे टाके.

आता त्या गोलाचं काय होतं ते पाहू. प्रत्येक टाका ताणाखाली घातला जातो. वरचा दोरा आणि खालचा बॉबिनचा दोरा एकमेकांना ओढून धरतात, म्हणून तर टाका घट्ट बसतो. पण या ओढीने टाक्याची दोन्ही टोकं किंचित जवळ येतात आणि त्यांच्याबरोबर कापडही जवळ येतं. फाईलमध्ये चार मिलीमीटर रुंद आखलेली सॅटिनची पट्टी कापडावर साडेतीन-पावणेचारच भरते. ही झाली ओढ, म्हणजे पुल. त्याच वेळी दुसरी गोष्ट घडते. टाक्यांच्या ओळी शेजारी शेजारी दाबून बसत जातात तसं कापड ओळींच्या आडव्या दिशेला बाहेर रेटलं जातं. हा झाला रेटा, म्हणजे पुश. थोडक्यात, टाके ज्या दिशेने जातात त्या दिशेत आकार आखडतो आणि काटकोनातल्या दिशेत वाढतो. आडव्या टाक्यांनी भरलेला गोल म्हणूनच कापडावर उभट होतो. दोष बघूनच टाक्यांची दिशा ओळखता येते: फट डावी-उजवीकडे असेल तर टाके आडवे, वर-खाली असेल तर उभे.

हे सगळं एका कामावर उलगडून पाहू. समजा, गणपती मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी पांढरे कॉलरवाले टी-शर्ट आहेत. कापड पिके, म्हणजे जाळीदार विणीचं होजिअरी, चारही बाजूंनी थोडंफार ताणलं जाणारं. छातीवर ५० मिलीमीटर व्यासाचा भगवा गोल, त्याभोवती दोन मिलीमीटरची लाल किनार, आणि खाली आठ मिलीमीटर उंचीच्या अक्षरांत ‘स्वयंसेवक’.

काम सुरू होतं ते संगणकाच्या आधी, कापडापाशी. होजिअरीच्या मागे फाडून टाकायचं बॅकिंग चालत नाही. कापून काढायचं, म्हणजे टाक्यांच्या मागे कायम राहणारं बॅकिंग लागतं. कापड स्वतः ताणलं जातं, म्हणून टाक्यांना धरायला न ताणणारं काहीतरी पाठीशी हवं. फ्रेममध्ये कापड सपाट बसवायचं, ताणून बसवायचं नाही. ताणून बसवलं तर फ्रेमवर सगळं सुरेख दिसतं आणि फ्रेम काढताच कापड मूळ मापाला परततं, टाके मात्र तेवढेच राहतात. मग बोधचिन्हाभोवती चुण्या पडतात. या चुका फाईलमध्ये कितीही आकडे बदलले तरी सुधारत नाहीत.

मग येतं अंडरले. हाताने भरतकाम करणाऱ्या बायकांना हे सांगावं लागत नाही. पान भरीव टाक्याने भरण्याआधी त्या आत धावदोरा घालून घेतात. मशीनच्या कामातही वरचे टाके घालण्याआधी खाली विरळ टाक्यांचा एक थर घालतात. त्याची कामं दोन. पहिलं, कापड आणि बॅकिंग एकमेकांना शिवून टाकणं, म्हणजे वरचे टाके ओढू लागले की कापड एकटं सरकत नाही. दुसरं, वरच्या दोऱ्याला टेकू देणं, म्हणजे तो कापडाच्या जाळीत बुडत नाही.

आपल्या भगव्या गोलाला दोन अंडरले द्यायचे. एक काठाने फिरणारा धावदोरा, काठापासून अर्धा मिलीमीटर आत, अडीच मिलीमीटरच्या टाक्यांचा. काठाच्या आत ठेवायचा तो अशासाठी की वरचा थर आखडला तरी तो बाहेर डोकावू नये. दुसरा विरळ फिल, ओळींमध्ये दोन-अडीच मिलीमीटर अंतर ठेवून, आणि दिशा वरच्या टाक्यांच्या काटकोनात. वरचे टाके आडवे असतील तर हा उभा. काटकोनाला कारण आहे. अंडरले त्याच दिशेने घातला तर वरचे टाके त्याच्या ओळींमधल्या फटींत घुसतात आणि टेकू मिळतच नाही.

या थराला जेमतेम दोन-तीनशे टाके लागतात. तरी घाईच्या कामात सगळ्यात आधी तोच वगळला जातो, कारण तो दिसत नाही. मला तर वाटतं, होजिअरीवर भरलेलं जे काम चार धुण्यांत वाकडं होतं, त्यातल्या निम्म्या कामांचं मूळ याच वगळलेल्या थरात असतं.

आता घनता. सॉफ्टवेअरमध्ये ती अंतराच्या रूपात द्यावी लागते, म्हणून नवख्यांचा गोंधळ होतो: आकडा जितका लहान, काम तितकं दाट. रोजच्या वापरातल्या ४० नंबरच्या दोऱ्यासाठी ०.४ मिलीमीटर हे सर्वमान्य सुरुवातीचं माप आहे. बहुतेक व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये याचा अर्थ असा की सुई एका काठावरून निघून पलीकडे जाते आणि परत त्याच काठावर येते, तेव्हा ती ०.४ मिलीमीटर पुढे सरकलेली असते. म्हणजे तेवढ्या जागेत जाणारी एक आणि येणारी एक, अशा दोन ओळी. काही सॉफ्टवेअर लगतच्या दोन ओळींमधलं अंतर मोजतात. इंकस्टिच या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फिलचं अंतर याच पद्धतीने मोजलं जातं आणि मुळात ते ०.२५ ठेवलेलं असतं. एकाचा आकडा उचलून दुसऱ्यात टाकला तर काम एकदम विरळ नाहीतर एकदम दाट होतं.

आपल्या गोलाचा हिशोब करू. ५० मिलीमीटर व्यास म्हणजे सुमारे १,९६० चौरस मिलीमीटर क्षेत्र. ०.४ च्या मापाने ओळींमध्ये सरासरी ०.२ मिलीमीटर आणि टाका चार मिलीमीटरचा, म्हणजे प्रत्येक टाका ०.८ चौरस मिलीमीटर जागा झाकतो. एकूण सुमारे २,४५० टाके. हेच माप ०.३ केलं तर टाके ३,२७० च्या आसपास जातात, एक तृतीयांशाने जास्त. कारखान्यांत भरतकामाचा दर हजार टाक्यांवर ठरतो, त्यामुळे हा फरक थेट बिलात उतरतो. पण खरा तोटा कापडाचा आहे. प्रत्येक टाका म्हणजे सुईचं एक भोक. होजिअरीची वीण इतक्या भोकांनी तुटायला लागते, गोल पुठ्ठ्यासारखा ताठ होतो, आणि प्रत्येक टाका आपली ओढ घेऊन आलेला असल्यामुळे एकूण ओढही वाढते. म्हणजे ज्या फटीसाठी दाटपणा वाढवला, ती फट आणखी रुंद होते.

ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर थोडं थांबायला हवं. भगव्या टाक्यांमधून पांढरं कापड दिसलं की हात पहिल्यांदा घनतेकडेच जातो. पण आधी पाहायचं की ते कापड कुठे दिसतंय. सगळीकडे सारखं, ओळींमधून चमकत असेल, तर अंडरले नसण्याची किंवा अपुरा असण्याची शक्यता जास्त. फक्त काठाला दिसत असेल, तर ते ओढीचं काम आहे आणि घनतेचा त्याच्याशी संबंध नाही. दोन्ही नीट असूनही कापड दिसलं, तरच घनतेला हात लावायचा, आणि तोही ०.४ वरून ०.३८ असा हलका.

आता मूळ फटीकडे. पुल कॉम्पेन्सेशन म्हणजे ओढीने जेवढं कमी होणार तेवढं आधीच वाढवून आखणं. सॉफ्टवेअर प्रत्येक ओळ दोन्ही टोकांना ठरावीक मापाने लांब करतं. घट्ट विणीच्या सुती कापडाला किंवा ड्रिलला ०.२ मिलीमीटर पुरतं, पिकेसारख्या होजिअरीला ०.३ ते ०.४ लागतं. इथेही आपलं सॉफ्टवेअर हा आकडा एका बाजूला धरतं की दोन्ही बाजू मिळून, हे आधी तपासून घ्यावं, नाहीतर भरपाई दुप्पट किंवा निम्मी होते.

पण ५० मिलीमीटरच्या गोलाला एवढ्याने भागत नाही. आखडणं प्रत्येक टाक्यागणिक होतं, आणि मधल्या लांब ओळीत बारा-तेरा टाके असतात. तिथे एकूण एक-दीड मिलीमीटरचा फरक सहज पडतो, टोकांच्या छोट्या ओळींत जवळपास काहीच नाही. म्हणून अनुभवी माणूस आकड्यावर न थांबता आकारच बदलतो: गोल रुंदीला थोडा वाढवतो, उंचीला थोडा कमी करतो. पडद्यावर तो चक्क आडवा लंबगोल दिसतो. ग्राहकाला हा पडदा दाखवला तर तो हमखास म्हणतो, गोल चुकलाय. त्याला शिवलेला नमुनाच दाखवावा.

उरलेली चूक किनार झाकते, पण तिला तशी जागा द्यावी लागते. लाल किनार भगव्याच्या काठाला नुसती टेकवायची नाही. भगवा रंग किनारीच्या खाली निदान पाऊण मिलीमीटर शिरलेला हवा. आणि भगवा संपताच लगेच किनार घालायची. मध्ये दुसरं काही भरायला घेतलं की कापड आणखी सरकतं, आणि किनार भलत्याच जागी बसते.

इथपर्यंतची गोष्ट जगातल्या कुठल्याही बोधचिन्हाला लागू आहे. ‘स्वयंसेवक’ मात्र आपली अडचण आहे. सॉफ्टवेअरसोबत येणारे तयार इंग्रजी टाइप आधीच शिवून, तपासून दिलेले असतात. देवनागरीसाठी अनेकदा संगणकातला साधा फॉन्ट घेऊन त्याचे आपोआप टाके करून घेतले जातात, आणि त्यात टाक्यांची दिशा अक्षराच्या वळणाने जात नाही.

शिरोरेषा घ्या. ती आडवी पट्टी, म्हणजे तिचे टाके उभे. ओढीने ती बारीक होणार आणि रेट्याने दोन्ही टोकांना लांबणार. अक्षरांचे काने उभे, त्यांचे टाके आडवे. ते अरुंद होणार आणि वर-खाली वाढणार. एकाच अक्षरात दोन पट्ट्या काटकोनात भेटतात आणि दोघी उलट वागतात. पडद्यावर काना शिरोरेषेच्या वरच्या कडेपर्यंत नेला, तर कापडावर तो तिच्या डोक्यावर टोचल्यासारखा बाहेर येतो. म्हणून काना शिरोरेषेच्या मध्यावरच थांबवायचा आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी, सगळ्या काने-टोकांवरून घालायची. १.२ मिलीमीटर जाडीची हवी असेल तर दीड आखायची, आणि दोन्ही टोकांना पाव-पाव मिलीमीटर आखूड ठेवायची. शिरोरेषा आधी घातली आणि अक्षरं नंतर तिला लटकवली, तर शब्दाच्या शेवटाला येईपर्यंत कापड सरकलेलं असतं आणि शेवटचा ‘क’ रेषेपासून सुटा पडतो. हेच टाळायला अक्षरं मधल्या ‘से’पासून दोन्हीकडे भरत न्यावीत, म्हणजे सरकलेलं कापड बाहेर ढकललं जातं, मध्ये साठत नाही.

दुसरी अडचण पोकळ्यांची. ‘व’च्या पोटातली आणि ‘क’च्या डाव्या वळणातली मोकळी जागा आठ मिलीमीटरच्या अक्षरात दीड-दोन मिलीमीटरच असते. त्यात दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना ओढीची भरपाई दिली की त्या आतही वाढतात, आणि पोट बुजतं. कापडावर ‘व’ आणि ‘क’ दोन्ही लाल गोळे दिसू लागतात. उपाय असा की भरपाई द्यायच्या आधी पोकळीच मोठी करून घ्यायची, म्हणजे वळण थोडं फुगवायचं. पट्टीची जाडी एक मिलीमीटरच्या खाली नेऊ नये. त्यापेक्षा अरुंद जागेत सुईची भोकं एकमेकांना भिडतात. अशा अरुंद पट्टीत घनताही थोडी सैल, ०.४५ पर्यंत चालते, कारण दोरा तिथे आपोआप दाटीने बसतो. अंडरले म्हणून मधोमध एकच धावदोरा पुरे. आणि ‘यं’वरचा अनुस्वार चित्रात असेल त्यापेक्षा मोठाच घ्यावा, निदान सव्वा मिलीमीटरचा. लहान ठेवला तर तो पिकेच्या खळग्यात हरवतो आणि शब्द ‘स्वयसेवक’ असा वाचला जातो.

आठ मिलीमीटरच्या खाली देवनागरी नेऊ नये असं माझं मत आहे. इंग्रजी कॅपिटल अक्षरं ४० नंबरच्या दोऱ्यात पाच मिलीमीटरपर्यंत निभावतात, पण त्यांना मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं नसतात. त्याहून लहान अक्षरं हवीच असतील, तर ६० नंबरचा बारीक दोरा आणि ६५ नंबरची सुई घ्यावी लागते, आणि शब्दही सोपा हवा.

फाईल तयार झाली की ती शिवून पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तेच कापड, तेच बॅकिंग, तोच दोरा. चिंधीवर, दुसऱ्याच जाड कापडावर काढलेला नमुना काहीच सांगत नाही. नमुना फ्रेममधून काढून, थोडा वेळ पडू देऊन मग पट्टीने मोजायचा: गोल आडवा किती, उभा किती. आडवा ४९ आणि उभा ५०.५ भरला, तर फाईलमध्ये रुंदी आणखी एक मिलीमीटर वाढवायची आणि उंची अर्धा मिलीमीटर कमी करायची. मग उलटी बाजू पाहायची. सॅटिनच्या पट्टीत मागून मधोमध साधारण एक तृतीयांश भाग बॉबिनचा पांढरा दोरा दिसायला हवा. मागे वरचाच रंग जवळजवळ सगळीकडे दिसत असेल तर वरचा दोरा सैल आहे. पांढऱ्याची पट्टी त्याहून बरीच रुंद झाली असेल तर वरचा ताण जास्त आहे. दोन्ही वेळी आधी मशीन लावून घ्यायचं आणि मगच फाईलवर शंका घ्यायची. ताण चुकलेला असताना काढलेल्या मापांवरून फाईल दुरुस्त केली, तर ती त्या चुकीच्या ताणालाच बरोबर ठरते.

म्हणूनच एका कापडासाठी बसवलेली फाईल दुसऱ्या कापडावर जशीच्या तशी चालत नाही. हेच बोधचिन्ह टोपीवर घ्यायचं तर टाक्यांचा क्रम बदलावा लागतो. टॉवेलवर घ्यायचं तर अंडरले दाट करून वरून पाण्यात विरघळणारी फिल्म ठेवावी लागते. तुमच्या मंडळाचं किंवा दुकानाचं चिन्ह भरून घेणार असाल, तर पंचिंग करणाऱ्याला चित्राबरोबर त्या टी-शर्टचा एक नग द्या आणि त्याच कापडावरचा शिवलेला नमुना हातात घेऊनच होकार कळवा. `.DST` सोबत मूळ सॉफ्टवेअरची फाईलही मागून ठेवा. `.DST` मध्ये फक्त टाके असतात. घनता, अंडरले आणि भरपाईचे आकडे मूळ फाईलमध्येच असतात, आणि पुढच्या वर्षी कापड बदललं तर तेच बदलावे लागतात.